लोलक कोण हलवतं? पेंड्युलम, आपोआप होणारं लेखन आणि दोन रिकामे खाने

वाचायला सुरुवात करण्याआधी एक छोटं काम करा. साधारण 25 सेंटीमीटर लांबीचा दोरा घ्या, त्याच्या टोकाला एखादी अंगठी किंवा लोखंडी नट बांधा. कागदावर अधिकचं मोठं चिन्ह काढा. दोऱ्याचं वरचं टोक अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा, कोपर टेबलाला न टेकवता हात अधांतरी ठेवा आणि अंगठी चिन्हाच्या मध्यावर येऊ द्या. आता हात अजिबात हलवायचा नाही. फक्त मनात म्हणायचं: डावीकडून उजवीकडे, डावीकडून उजवीकडे. नजर अंगठीवर.

बहुतेकांच्या बाबतीत अर्ध्या-एक मिनिटात अंगठी झोके घ्यायला लागते. मग मनात दिशा बदला, 'पुढे-मागे' म्हणा. थोडी घुटमळून अंगठीसुद्धा दिशा बदलते. हात हलवल्याचं तुम्हाला जाणवलेलं नसतं, आणि समोर बसलेल्यालाही तुमचा हात स्थिरच दिसतो.

लोलक धरून हरवलेली वस्तू शोधणारे, औषध लागू पडेल की नाही ते ठरवणारे, हातातल्या फांदीने किंवा तळहातावरच्या नारळाने विहिरीची जागा सांगणारे आपल्याकडचे पाणाडे, हॉस्टेलच्या खोलीत रात्री प्लँचेट करणारी मुलं, या सगळ्यांचा एक दावा अगदी प्रामाणिक असतो: "मी हलवत नाही." यातले बहुसंख्य लोक खोटं बोलत नाहीत. म्हणून 'हे लोक फसवतात का' हा आपला प्रश्न नाही. माणूस खरं बोलत असूनही त्याचं विधान चुकीचं कसं असू शकतं आणि ते तपासायचं कसं, हा आपला प्रश्न आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी तो फार कामाचा आहे, कारण उद्या प्रयोगशाळेत त्या माणसाच्या जागी तुम्ही असणार आहात.

शेव्रलचा पारा

मिशेल यूजीन शेव्रल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ (1786–1889). स्निग्ध पदार्थांच्या रसायनावरचं त्याचं काम पायाभूत मानलं जातं, आणि पुढे पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाईचा प्रमुख म्हणून त्याने रंगांवर मोठं काम केलं. 1812च्या सुमाराला त्याने लोलकाचा नाद घेतला. त्या काळात विजेचे नवे नवे परिणाम रोज समोर येत होते, त्यामुळे काही पदार्थांवर धरलेला लोलक एखाद्या अज्ञात बलाने हलतो, हे म्हणणं तेव्हा वेडगळ वाटत नव्हतं. शेव्रलनेही ते हसण्यावारी नेलं नाही, करून बघितलं.

तागाच्या दोरीला लोखंडी कडी बांधून त्याने ती पाऱ्यावर धरली. कडी झोके घेऊ लागली. मग त्याने पारा आणि कडी यांच्या मध्ये काचेची पट्टी सरकवली. झोके कमी कमी होत थांबले. पट्टी काढली, झोके पुन्हा सुरू.

इथे जरा थांबा. तुमच्या हाती हा निकाल आला असता तर काय म्हणाला असता? पारा असताना परिणाम दिसतो, मध्ये अडथळा आला की जातो, अडथळा काढला की परत येतो. पुन्हा पुन्हा करून तेच मिळतं. कितीतरी प्रबंधांत याहून कच्च्या पुराव्यावर निष्कर्ष काढलेले असतात.

शेव्रलने पुढची पायरी घेतली. त्याने आपल्या दंडाखाली लाकडी आधार ठेवला आणि तो आधार हळूहळू खांद्याकडून हाताच्या पंजाकडे सरकवत नेला. आधार जसजसा बोटांच्या जवळ आला तसतसे झोके मंदावत गेले, आणि दोरी धरलेली बोटंच टेकवली तेव्हा ते बंद झाले. पाऱ्याला खांद्याखालच्या लाकडाशी काय देणंघेणं? हालचालीचा उगम हातात आहे, असा संशय इथे बळावला.

शेवटी त्याने डोळे बांधून घेतले. झोके मंदावले. त्याला न कळू देता मदतनीस काचेची पट्टी मध्ये सरकवायचा आणि काढायचा, आणि आता पट्टी असण्या-नसण्याने काहीच फरक पडेना. हे सगळं त्याने 1833 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ आँपेरला लिहिलेल्या पत्राच्या रूपात प्रसिद्ध केलं. डोळे लोलकाचा पाठलाग करत असताना शरीरात त्या हालचालीकडे एक कल तयार होतो, आपण हालचाल करायचं ठरवलेलं नसलं तरीही, असं त्याचं म्हणणं होतं. 1852 मध्ये इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर याने या प्रकाराला नाव दिलं: आयडिओमोटर. म्हणजे इच्छेने नव्हे, तर नुसत्या कल्पनेने घडणारी स्नायूंची हालचाल.

दोन खाने भरलेले, दोन रिकामे

शेव्रलच्या शेवटच्या पायरीत नेमकं काय झालं, हे नीट समजून घेऊ. एक चौकट मनात काढा. आडव्या ओळी दोन: पट्टी मध्ये आहे, पट्टी मध्ये नाही. उभे रकाने दोन: धरणाऱ्याला वाटतंय की पट्टी आहे, धरणाऱ्याला वाटतंय की पट्टी नाही. असे चार खाने झाले.

आधीच्या सगळ्या निरीक्षणांत फक्त दोनच खाने भरत होते. पट्टी असायची तेव्हा ती आहे हे त्याला माहीत असायचं, नसायची तेव्हा नाही हेही माहीत असायचं. वस्तुस्थिती आणि समजूत या दोन गोष्टी कायम हातात हात घालून चालत होत्या. अशा वेळी प्रयोग तुम्ही हजार वेळा केलात, तरी परिणाम कोणामुळे होतोय हे कळणार नाही. त्यासाठी उरलेले दोन खाने भरावे लागतात: पट्टी आहे पण त्याला माहीत नाही, पट्टी नाही पण त्याला वाटतंय आहे. तिथे लोलक कोणाचं ऐकतो, पाऱ्याचं की माणसाचं?

आपण 'ब्लाइंड' प्रयोग म्हणतो तो याच दोन खान्यांसाठी असतो. ती कोणाच्या प्रामाणिकपणावर घेतलेली शंका नसते.

एक बारकावा सांगतो. डोळे बांधल्याने एकाच वेळी दोन गोष्टी बदलतात: पट्टीबद्दलची माहिती जाते, आणि लोलकही दिसेनासा होतो. त्यामुळे 'डोळे बांधल्यावर झोके मंदावले' एवढ्यावरून फार काही सिद्ध होत नाही. लोलक मानणारा म्हणेल, "नजरेचीही शक्ती लागते." वजनदार पुरावा तो दुसरा: पट्टी चोरून सरकवली तर फरक पडला नाही. आज हा प्रयोग करायचा तर डोळे उघडे ठेवावेत आणि फक्त खाली काय आहे ते झाकावं.

एवढीशी हालचाल पुरते कशी?

"पण माझा हात खरंच हलत नव्हता," असं तुम्ही अजूनही म्हणत असाल. चला, हिशोब करू. लोलकाचा आवर्तकाळ

```
T = 2π√(L/g)
```

L = 0.25 मीटर धरला तर T जवळजवळ बरोबर 1 सेकंद येतो. म्हणजे तुमची अंगठी सेकंदाला एक पूर्ण झोका घेते. आता समजा, तुमची बोटं त्याच तालात मध्यापासून दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटर सरकतात. ताल जुळलेला असेल तर (यालाच अनुनाद म्हणतात) प्रत्येक झोक्याला अंगठीचा पल्ला बोटांच्या सरकण्याच्या π पट वाढतो, म्हणजे सुमारे 1.6 मिलिमीटर. 30 झोक्यांत, म्हणजे अर्ध्या मिनिटात, तो 47 मिलिमीटर होतो. मध्यापासून दोन्ही बाजूंना जवळजवळ पाच-पाच सेंटीमीटर!

हा हिशोब आदर्श परिस्थितीचा आहे. प्रत्यक्षात हवेचा थोडा विरोध असतो, आणि बोटांचा ताल मधूनमधून चुकतो. पण निम्मा परिणाम साधला तरी झोका कोणालाही दिसेल इतका मोठा असतो. आणि अर्धा मिलिमीटर म्हणजे किती? खांद्यापासून बोटांपर्यंत हात 60 सेंटीमीटर धरला तर खांदा अंशाचा साधारण विसावा भाग वळला की झालं. एवढं वळण तुम्हाला जाणवत नाही आणि बघणाऱ्याला दिसत नाही. शेव्रलचा लाकडी आधार बोटांकडे सरकताना झोके का मंदावत गेले, हेही आता कळेल: आधाराच्या पुढे हाताचा जेवढा भाग मोकळा उरला, तेवढीच हालचाल शिल्लक राहिली.

अधांतरी धरलेला हात कधीच पूर्ण स्थिर नसतो. त्यात सगळ्या तालांची बारीक थरथर असते. लोलक त्यातला फक्त आपल्या तालाचा भाग उचलतो आणि साठवत जातो. त्यात डोळ्यांची भर पडते. अंगठी उजवीकडे जाताना दिसते, मनात 'उजवीकडे' येतं, आणि हात त्याच क्षणी केसभर तिकडे जातो. पाळण्याला योग्य वेळी बोट लावावं तसं. डोळे झाकले की ही योग्य वेळ साधत नाही.

'मी केलं' असं का वाटत नाही?

भौतिकशास्त्राचा भाग एवढ्याने संपला. उरतो मानसशास्त्राचा: हालचाल माझी, तर ती मला माझी का वाटत नाही?

एखादी कृती आपली वाटायला साधारण तीन गोष्टी जुळाव्या लागतात. आधी इरादा असतो, लगेच परिणाम दिसतो, आणि तो परिणाम लावलेल्या जोराच्या मानाने अपेक्षित असतो. कप उचलताना हे तिन्ही जुळतं, म्हणून 'मी उचलला' याबद्दल शंका येत नाही. लोलकात तिन्ही फिसकटतं. हलवायचा इरादा नाही, उलट न हलवण्याचा आहे. परिणाम उशिरा, साठत साठत येतो. आणि जोर इतका नगण्य असतो की समोरच्या मोठ्या झोक्याशी त्याचा संबंधच लागत नाही. मग मेंदू कर्ता बाहेर शोधतो आणि जो उपलब्ध असेल त्याच्या नावावर झोका टाकतो: पारा, भूगर्भातलं पाणी, आत्मा.

'हलवायचं नाही' असं घट्ट ठरवल्याने तरी लोलक थांबतो का? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये हे तपासलं. अमुक दिशेने लोलक हलू द्यायचा नाही असं लोकांना सांगितलं, आणि त्याच वेळी काहींच्या डोक्याला दुसरं काम दिलं. डोकं असं गुंतलेलं असताना लोलक नेमका मनाई केलेल्या दिशेने जास्त हलला. म्हणजे "मी तर थांबवायचाच प्रयत्न करत होतो" हा बचाव खरा असू शकतो, पण त्याने काही सिद्ध होत नाही.

लेखणी चालते तेव्हा

इथे एक रास्त आक्षेप येतो. लोलक फार तर हो किंवा नाही सांगतो. आपोआप होणाऱ्या लेखनात तर शब्द येतात, वाक्यं येतात. बारीक थरथरीतून वाक्य कसं तयार होईल?

थरथरीतून नाही होणार. लिहिणं ही आपण हजारो तास गिरवलेली कृती आहे, आणि अशी कृती लक्ष न देताही चालू शकते, हा इथला मुद्दा आहे. हार्वर्डमध्ये लिऑन सॉलोमन्स आणि गर्ट्रूड स्टाइन (हीच पुढे लेखिका म्हणून गाजली) यांनी 1896 मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. एखादी गोष्ट वाचण्यात लक्ष गुंतवायचं आणि हाताला लिहू द्यायचं. सरावाने हात सांगितलेले शब्द लिहू लागला, आणि पुढे मधूनमधून स्वतःहूनही लिहू लागला. दोघंही निरोगी होते, आणि आपण 'साधारण' माणसं आहोत हेच त्यांना दाखवायचं होतं. असं लेखन व्हायला आजार लागत नाही, आत्माही लागत नाही.

पण त्यांच्या प्रयोगात एक कच्चा दुवा होता, तो तुमच्या लक्षात आलाच असेल: प्रयोग करणारे आणि प्रयोगाचे विषय तेच दोघं. 'मला जाणीव नव्हती' हे आपलं आपणच सांगायचं. तब्बल 80 वर्षांनी, 1976 मध्ये, स्पेल्की, हर्स्ट आणि नायसर यांनी कॉर्नेल विद्यापीठात हे काम मोजता येईल अशा रीतीने केलं. दोन विद्यार्थी गोष्टी वाचायचे आणि त्याच वेळी कानावर पडणारे शब्द लिहून घ्यायचे. सुरुवातीला वाचनाचा वेग पार घसरला. काही आठवड्यांच्या रोजच्या सरावानंतर तो पूर्ववत झाला, वाचलेलं समजतही होतं, आणि हात लिहीतच होता. इथे कुणाच्या सांगण्यावर विसंबायचं कारण नव्हतं. वेग, आकलन आणि लिहिलेले शब्द तिन्ही मोजलेले होते.

म्हणजे वाक्य 'आपोआप' उतरणं हा बाहेरच्या कर्त्याचा पुरावा ठरत नाही. मग पुरावा कशाला म्हणायचं? पुन्हा त्याच दोन रिकाम्या खान्यांकडे जावं लागतं: लिहिणाऱ्या हाताला माहीत नसलेली गोष्ट कागदावर उतरते का?

जिथे हे खेळ राहत नाही

1990च्या दशकात अमेरिकेत 'फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन' नावाची पद्धत पसरली. न बोलणाऱ्या स्वमग्न मुलामुलींचा हात किंवा मनगट एक साहाय्यक आधार म्हणून धरायचा, आणि मूल कीबोर्डवर अक्षरं दाबायचं. ज्यांनी आयुष्यात शब्द उच्चारला नव्हता त्यांच्याकडून पूर्ण वाक्यं येऊ लागली. आईवडिलांना काय वाटलं असेल, याची कल्पना करा. साहाय्यक ठामपणे सांगायचे: "मी फक्त आधार देते, बोट ते स्वतः नेतात." काही ठिकाणी या टंकलेल्या मजकुरातून घरच्यांवर लैंगिक अत्याचाराचे आरोप आले आणि कुटुंबं मोडायची वेळ आली.

1993 मध्ये व्हीलर आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका केंद्रात 12 स्वमग्न व्यक्ती आणि त्यांचे 9 साहाय्यक घेऊन चाचणी केली. रचना शेव्रलच्या काचेच्या पट्टीइतकीच साधी होती. दोघांच्या मध्ये आडोसा, आणि प्रत्येकाला रोजच्या वापरातल्या वस्तूचं चित्र दाखवायचं. कधी दोघांना एकच चित्र, कधी वेगवेगळी, कधी साहाय्यकाला काहीच नाही. समजा, मुलाला किल्ली दाखवली आणि साहाय्यकाला कप. कीबोर्डवर काय उमटेल?

दोघांनी एकच चित्र पाहिलं तेव्हा बरोबर उत्तरं आली. चित्रं वेगळी होती तेव्हा साहाय्यकाने पाहिलेल्या चित्राचं नाव उमटलं. आणि फक्त त्या व्यक्तीनेच पाहिलेल्या चित्राचं बरोबर नाव एकदाही आलं नाही. साहाय्यक लबाड नव्हते. निकाल पाहून हादरणारे त्यांच्यापैकीच होते. शब्द त्यांचेच होते, पण ते त्यांना आपले वाटत नव्हते.

एक मर्यादा मात्र नीट लक्षात ठेवा. या निकालावरून 'ही मुलं विचार करत नाहीत' असं सिद्ध होत नाही. त्या कीबोर्डवरून येणारा मजकूर त्यांचा नव्हता, एवढंच सिद्ध होतं. मूल काय म्हणू पाहतंय हे त्यातून कळलं नाही. उलट दुसऱ्याच्या शब्दांखाली ते झाकलं जात होतं.

तुम्हाला चाचणी घ्यायची असेल तर

तुमच्या ओळखीत कोणी लोलकाने पाणी ओळखतो असं म्हणत असेल, तर वाद घालू नका, चाचणी आखा. एकसारखे दोन अपारदर्शक, झाकणाचे डबे घ्या. एकात पाणी, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाची वाळू. आधी डबे उघडे ठेवून त्याला पाच-सहा वेळा करू द्या. लोलक बरोबर दाखवतोय, जागा ठीक आहे, आज 'शक्ती' चालू आहे, हे त्याच्याच तोंडून कबूल करून घ्या. ही पायरी गाळलीत तर नंतर "आज वातावरण बरोबर नव्हतं" हे ऐकावं लागेल.

मग दर फेरीला तिसरी व्यक्ती नाणं उडवून डब्यांच्या जागा ठरवेल, नोंद करेल आणि खोलीबाहेर जाईल. बाहेर जाणं महत्त्वाचं आहे. उत्तर माहीत असलेला माणूस समोर असेल तर त्याचा श्वास, नजर, मानेची हालचाल यातूनही उत्तर गळतं, आणि तेही दोघांच्या नकळत. लोलक धरणारा आणि उत्तर टिपणारा, दोघांनाही पाणी कुठे आहे हे माहीत नसावं.

किती फेऱ्या घ्यायच्या आणि किती बरोबर आल्या तर दावा मानायचा, हे आधी लिहून सह्या करा. 10 फेऱ्यांत 8 किंवा जास्त बरोबर नुसत्या नशिबाने येण्याची शक्यता 1024 पैकी 56, म्हणजे साडेपाच टक्के. हे फारच सैल झालं. 20 फेऱ्यांत 15 किंवा जास्त येण्याची शक्यता सुमारे 2 टक्के. हेही एका माणसासाठी ठीक. पण असे 50 जण तपासलेत तर त्यातला एखादा नशिबानेच पास होईल. त्याला पुन्हा बोलवा आणि नव्याने 20 फेऱ्या घ्या.

आणि निकाल काहीही आला तरी त्या माणसाला खोटारडा म्हणू नका. डबे उघडे असताना त्याचा लोलक खरंच हलला होता, आणि तो त्याने हलवलाय हे त्याला खरंच जाणवलं नव्हतं. मायक्रोस्कोपखाली पेशी मोजताना, मुलाखतींचं कोडिंग करताना, कुठला बिंदू 'आउटलायर' म्हणून काढायचा हे ठरवताना तुमचाही हात अर्धा मिलिमीटर सरकणार आहे, अपेक्षित उत्तराकडे, आणि तुम्हालाही ते जाणवणार नाही. म्हणून नमुन्यांवरची लेबलं आधी झाका, मगच मोजायला बसा.